मदत हवी आहे: २० फुटी रांगोळीची आखणी आणि रंगांची वाटणी

पाडव्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये २० फूट व्यासाची रांगोळी काढायचीय, आम्ही सहा जणी आहोत आणि डिझाईन बारा पाकळ्यांचं कमळ. गोल आखायचं जमतं, मध्ये खिळा, त्याला १० फुटी दोरी आणि टोकाला खडू. सुतळी ओढली की ताणते आणि गोल शेवटी जुळत नाही, म्हणून मी पातळ वायर घेणारे. मग तीच १० फुटांची वायर परिघावर पुढे पुढे ठेवत गेलं की बरोबर सहा खुणा पडतात आणि प्रत्येक भागाचा मध्य काढला की बारा. दोन शेजारच्या खुणांमध्ये सरळ टेपने साधारण ५ फूट २ इंच आलं पाहिजे, तेवढं तपासायचं.

अडतंय ते वाटणीत. प्रत्येकीला दोन पाकळ्या द्याव्यात तर कुणी दाट भरतं कुणी विरळ, मग लांबून तुकडे दिसतात. एकेकीला एकेक रंग दिला तर शेड सारखी येते पण सगळ्याजणी सगळीकडे फिरणार, साडीच्या काठाने नि पायाने खडूच्या रेघा पुसणार. रंग मात्र पांढऱ्या रांगोळीत एकदाच, सगळ्यांसाठी कालवून डब्यांत भरणार हे नक्की.

मला वाटतंय मधून बाहेर यावं, प्रत्येकीने आपल्या दोन पाकळ्या भराव्यात आणि बाहेरची बॉर्डर एकाच हाताने व्हावी. मोठ्या रांगोळ्या काढणाऱ्यांनी प्लीज सांगा, तुम्ही कशी वाटणी करता? आणि पेव्हर ब्लॉकवर खडू टिकत नाही, आधी गेरू लावावा का?