विषय: बाळाची भारतीय नोंदणी – वर्षाच्या आत काय काय व्हायला हवं?

मृणाल, श्टुटगार्ट – 20 ऑगस्ट 2025

नमस्कार मंडळी,

आमची इरा गेल्या 14 ऑक्टोबरला इथेच जन्मली. मी आणि रोहन दोघं भारतीय, दोघांकडे ब्लू कार्ड, जर्मनीत येऊन तीन वर्षं झाली. स्टँडेसआम्ट या इथल्या नोंदणी कार्यालयाकडून गेबुर्ट्सउरकुंडे, म्हणजे जन्मदाखला, मिळालाय, त्यामुळे जन्माची नोंद झालेली आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पासपोर्टचं डिसेंबरमध्ये पुण्याला गेल्यावर बघू असा विचार होता. पण परवा आउसलेंडरबेहोर्डमधून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून, पत्र आलं. तिच्या रेसिडेन्स परमिटचा अर्ज आम्ही वेळेत दिला होता, आता ते तिचा पासपोर्ट मागतायत.

दुसरी शंका नावाची. जर्मन दाखल्यावर नुसतं 'इरा देशमुख' आहे. आम्हाला भारतीय कागदांवर 'इरा रोहन देशमुख' हवंय, आपल्याकडे असतं तसं. अर्जात तसं लिहिलं तर चालेल का?

---

तुषार

मृणाल, घाबरू नकोस. भारतात गेल्यावर 60 दिवसांच्या आत महापालिकेत नोंदणी करता येते, तसा कायदाच आहे. माझ्या मावसभावाने दुबईहून परतल्यावर असंच केलं, आणि पुणे मनपाचा दाखला हातात असला की शाळेपासून सगळीकडे सोपं जातं. जर्मन दाखल्याचं इंग्रजी भाषांतर मात्र करून ठेव.

---

अनघा

आमचा आर्यन न्यू जर्सीत झाला तेव्हा आम्ही यातलं काहीच केलं नाही. अमेरिकन पासपोर्ट काढला आणि थेट ओसीआयचा अर्ज केला. मृणाल, ओसीआयचं बघ ना. आयुष्यभराचा व्हिसाच तो, दर वेळी धावपळ नाही.

---

श्रीकांत

मृणाल, तुझ्या मेलमधली तारीख पाहिली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. 14 ऑक्टोबरच्या आधी तुला बरंच उरकायचं आहे.

आधी अनघाताईंचा मुद्दा. आर्यन अमेरिकेत जन्मला म्हणून जन्मतःच अमेरिकन झाला, म्हणून ओसीआय. ओसीआय परदेशी नागरिकाला मिळतं. इरा जर्मन नाही. जर्मनीत परदेशी आईवडिलांचं मूल जन्माने जर्मन व्हायला दोघांपैकी एकाचा इथला कायदेशीर मुक्काम पाच वर्षांचा हवा आणि त्याच्याकडे कायमचा राहण्याचा हक्क हवा. 27 जून 2024 पर्यंत ही अट आठ वर्षांची होती. तुमची तीनच वर्षं झाली आहेत, त्यामुळे तो रस्ता नाही.

आणि ती आपोआप भारतीयही नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आईवडील भारतीय म्हणजे मूल भारतीय, हे 3 डिसेंबर 2004 च्या आधी जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत खरं होतं. त्या दिवसापासून नागरिकत्व कायद्याचं कलम 4 असं सांगतं की परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदवला गेला तरच ते मूल वंशाने भारतीय नागरिक होतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे इरा आज कायद्याने कुठल्याच देशाची नागरिक नाही. स्टँडेसआम्टने तिचा जन्म नोंदवला, नागरिकत्व दिलेलं नाही. त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

तुषार, तू म्हणतोस तो कायदा आहे, पण तो वेगळ्या कामाचा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 20 मध्ये, भारतात स्थायिक व्हायला परतलेल्या आईवडिलांना आल्यापासून 60 दिवसांत मुलाचा जन्म तिथे नोंदवता येतो. त्याने जन्माचा दाखला मिळतो, कलम 4 ची अट पूर्ण होत नाही. शिवाय मृणाल कायमची परत जात नाहीये. आणि पासपोर्टच नसेल तर इरा डिसेंबरमध्ये विमानात चढणार कशी?

आता करायचं काय ते. indiancitizenshiponline.nic.in वर कलम 4(1) खालचा फॉर्म 1 भरायचा. त्यात बाळाची माहिती, तुम्हा दोघांची नागरिकत्वाची आणि पासपोर्टची माहिती, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांचं जाहीरपत्र असतं. भरून झाल्यावर प्रिंट काढून सह्या करायच्या आणि कागदपत्रांसह वकिलातीत द्यायचा. तुम्ही बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे तुमचा संबंध म्युनिकच्या वकिलातीशी. फ्रँकफर्ट गाडीने सोयीचं वाटलं तरी तिथे जाऊ नका, परत पाठवतील. सोबत जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला. बाकी कागदांची यादी म्युनिकच्या वेबसाइटवरून त्याच दिवशी पुन्हा बघून घ्या, ती अधूनमधून बदलते.

इथे एका गोष्टीवर फार जणांची फसगत होते. ऑनलाइन अर्ज 'सबमिट' झाला, फाइल नंबर आला, म्हणून लोक निवांत होतात. कायद्याचे शब्द मात्र 'वर्षाच्या आत नोंदणी झालेली असावी' असे आहेत, अर्ज केलेला असावा असे नाहीत. कागदात त्रुटी निघाली, अपॉइंटमेंट लांबली, तर ते दिवस तुमच्याच वर्षातून जातात. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कागद वकिलातीत पोचले पाहिजेत असं धरून चला. अपॉइंटमेंट ऑक्टोबरचीच मिळत असेल तर बाळाची जन्मतारीख ठळक लिहून आजच ईमेल करा.

जन्मदाखल्याबद्दल एक. स्टँडेसआम्टने पहिल्यांदा ज्या मोफत प्रती दिल्या असतील त्यांवर किंडरगेल्डसाठी, एल्टर्नगेल्डसाठी, म्हणजे मुलांच्या सरकारी भत्त्यांसाठी, असा शेरा असतो. त्या तेवढ्याच कामाच्या, वकिलातीत नेऊ नका. पैसे भरून 'इंटरनॅशनाले गेबुर्ट्सउरकुंडे' मागा. तो अनेक भाषांत छापलेला असतो, इंग्रजीही असते, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचतो. बहुतेक शहरांत ऑनलाइन मागवता येतो आणि पोस्टाने घरी येतो.

नाव: फॉर्मवर जर्मन दाखल्यावर आहे तेच लिहा, 'इरा' आणि 'देशमुख'. मधे 'रोहन' घातलंत तर दोन कागदांवर दोन नावं होतील आणि अर्ज तिथेच अडेल. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं आणि आईचं नाव शेवटच्या पानावर वेगळं छापलेलं असतं, त्यामुळे वडिलांची ओळख कुठे हरवत नाही. तरीही मधलं नाव हवंच असेल तर आधी स्टँडेसआम्टकडे जाऊन तिथलं नाव बदलून घ्यावं लागेल. त्याला किती वेळ लागेल ते त्यांच्या हातात, आणि तुमच्याकडे तो वेळ नाही. माझं मत विचाराल तर आत्ता आहे त्या नावाने नोंदणी करा.

नोंदणी झाली की वकिलातीकडून तिचा दाखला मिळतो. काउंटर सोडायच्या आधी त्यावरचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख वाचा. पासपोर्टचा अर्ज त्यानंतर. काही ठिकाणी दोन्ही एकत्र घेतात, ते म्युनिकला विचारा. पासपोर्टसाठी दोघांच्या सहीचं अॅनेक्शर डी हे आईवडिलांचं जाहीरपत्र लागेल, त्यामुळे रोहनला त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांग.

श्रीकांत

---

मीनल

श्रीकांतकाकांनी नावाचं लिहिलंय त्याला थोडी पुस्ती. आम्ही मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव दुसरं नाव म्हणून लावायचं ठरवलं होतं. मुलीला पुरुषाचं नाव कसं, असं आमच्या शहरातल्या अधिकारी बाईंनी विचारलं. तेव्हा कुणीतरी आम्हाला 2008 चा जर्मन घटना न्यायालयाचा निकाल दाखवला. त्यात मुलीचं एकमेव नाव 'किरण' होतं, आणि नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, मुलाच्या हिताला धक्का लागत नसेल तर आईवडिलांची निवड मानावी, असं न्यायालयाने म्हटलं. तो कागद पुढे ठेवल्यावर आमचं काम झालं. पण आम्ही हे बाळ यायच्या आधीच ठरवून गेलो होतो. ज्यांची बाळं यायची आहेत त्यांनी प्रसूतीच्या तारखेआधीच स्टँडेसआम्टला नावाची मांडणी विचारून ठेवा, नंतर बदलण्यापेक्षा ते फार सोपं.

---

नीलेश

काका, आमची गोष्ट उलटी आहे. दोघं भारतीय, मला इथे नऊ वर्षं झाली, निडरलासुंग म्हणजे कायमचा राहण्याचा परवाना आहे. मुलगा एप्रिलमध्ये झाला आणि स्टँडेसआम्टने सांगितलं की तो जन्मतःच जर्मन. त्याचा जर्मन पासपोर्ट अजून काढलेला नाही. म्हणजे 'दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही' हे जाहीरपत्र मी खरेपणाने देऊ शकतो. मग भारतीय नोंदणी करून घेऊ का? बाबांची फार इच्छा आहे की नातू भारतीय राहावा. जर्मनीने तर आता दुहेरी नागरिकत्व मान्य केलंय.

---

श्रीकांत

नीलेश, जर्मनीने मान्य केलं, भारताने नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे.

जाहीरपत्र पासपोर्टबद्दल आहे, नागरिकत्वाबद्दल नाही, हे तुझं वाचन बरोबर आहे. त्याच कलमात पुढे 4(1ए) आहे. असं नोंदवलेलं मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल तर 18 पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं नागरिकत्व सोडायचं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. म्हणजे लहानपणी दोन्ही असू शकतात हे कायद्याने गृहीत धरलेलं दिसतं. पण जर्मनीच्या पासपोर्ट कायद्यानुसार जर्मन नागरिकाने देशाबाहेर जाताना आणि परत येताना जर्मन पासपोर्ट बाळगावा लागतो. भारतीय पासपोर्टवर त्याला नेलंस तर फ्रँकफर्टच्या सीमा पोलिसांशी गाठ. जर्मन पासपोर्ट काढलास तर भारताच्या बाजूला दिलेलं जाहीरपत्र खोटं ठरतं. हा पेच मला सोडवता आलेला नाही.

मी तुझ्या जागी असतो तर जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय घेतलं असतं. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हे बाबांना आधीच सांग. तरी तुला नोंदणीच करायची असेल तर तुझ्या वकिलातीला लेखी विचार आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांब. फोनवरच्या 'चालेल' वर जाऊ नकोस.

---

तुषार

काका, 60 दिवसांचं मी अर्धवट सांगितलं, आता कळलं. पण समजा वर्ष उलटलंच, तर मुलाचं काय? मावसभावाला आता विचारायला हवं.

---

श्रीकांत

तुषार, दार बंद होत नाही. फॉर्म तोच, सोबत उशीर का झाला याचं सविस्तर पत्र आणि त्याचे पुरावे. वकिलात प्रकरण दिल्लीला गृह मंत्रालयाकडे पाठवते, परवानगी आल्यावरच नोंदणी. त्या काळात मुलाला भारतीय पासपोर्ट मिळत नाही, आणि पासपोर्ट नसला की इथल्या परमिटचंही अडतं. मावसभावाच्या मुलाला भारतीय पासपोर्ट मिळालेला असेल तर दुबईत असतानाच वकिलातीत नोंद झालेली असण्याची शक्यता जास्त. आखाती देशांत लोक ती पासपोर्टबरोबरच उरकतात आणि मग वेगळी लक्षात राहत नाही. त्याच्या जुन्या फायलीत वकिलातीचा दाखला शोधायला सांग.

---

मृणाल – 22 ऑगस्ट 2025

काका, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फॉर्म भरला, नाव 'इरा देशमुख'च लिहिलं. रोहनला थोडं वाईट वाटलं, पण पटलं. आंतरराष्ट्रीय दाखला मागवलाय. म्युनिकची अपॉइंटमेंट 11 सप्टेंबरची मिळाली आहे. आउसलेंडरबेहोर्डला नोंदणीच्या अर्जाची प्रत आणि अपॉइंटमेंटचा कागद पाठवून मुदत मागितली आहे.

एकच राहिलं. आमचं लग्न 2019 चं, नोंदणीचा दाखला पुणे मनपाचा, त्यावर माझं माहेरचं आडनाव आहे आणि पासपोर्टवर देशमुख. हे म्युनिकमध्ये अडेल का? कुणाला अनुभव असेल तर 11 तारखेच्या आत सांगा, म्हणजे इथूनच काही कागद करून नेता येईल.