मदत हवी आहे: आईची 'घेरी' डॉक्टरांना इंग्रजीत नेमकी कशी सांगावी?

माझी ७८ वर्षांची आई सध्या परदेशात माझ्याकडे राहते आणि डॉक्टरांना तिचे म्हणणे मीच इंग्रजीत सांगतो. मागच्या भेटीत ती म्हणाली, "उठले की घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते." मी एवढेच सांगितले, 'शी फील्स डिझी.' खोली गरगरते का, असे डॉक्टरांनी विचारल्यावर मी आईला न विचारताच हो म्हणालो आणि पुढची सगळी तपासणी कानाची झाली. ही चूक मला फार लागली आहे.

घरी नीट विचारले तेव्हा कळले की काहीच फिरत नाही; पलंगावरून उभे राहिल्यावर अर्ध्या मिनिटात दिसेनासे होते आणि खाली बसले की थांबते. ती रक्तदाबाच्या गोळ्या घेते, आणि उभे राहताना दाब उतरला तर असेच होते. तो आडवे आणि उभे असताना मोजून पाहता येतो. म्हणून आता लिहिले आहे: 'व्हेन शी स्टँड्स अप, हर व्हिजन गोज डार्क अँड शी फील्स शी माइट फेंट. द रूम डझ नॉट स्पिन.' हे पुरेसे स्पष्ट आहे का?

अडचण दुसऱ्या वाक्याची आहे. "तेव्हा जीव घाबरा होतो," असे ती म्हणते. 'अँग्झायटी' म्हटले तर डॉक्टर मनाचा आजार समजतील, अशी मला भीती वाटते. धाप, मळमळ, धडधड की खरीच भीती, हे तिच्या तोंडी शब्द न घालता कसे विचारावे?