मदत हवी आहे: बायॉसमध्ये सेटिंग बदललं आणि स्क्रीन काळी, सेल काढूनही फरक नाही

घाईगडबड: काल रात्री विंडोज ११ टाकायचं म्हणून बायॉसमध्ये एक सेटिंग बदललं, सेव्ह केलं, तेव्हापासून स्क्रीन काळी. पंखे फिरतात. यूट्यूबवर बघून बोर्डावरचा सेल काढला, दहा मिनिटांनी लावला, तरी तेच. उद्या सकाळी काम द्यायचंय. लवकर सांगा.

अण्णा६१: रॅम काढून तिचे पिन खोडरबराने घासा आणि परत लावा. दहातल्या नऊ मशीन यानेच चालू होतात, तीस वर्षांचा अनुभव आहे.

सोल्डरगन: अण्णा, मशीन काल चालू होतं. सेटिंग बदलताच रॅमवर गंज चढला का? घाईगडबड, कोणतं सेटिंग? बोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड कोणतं? आणि नम लॉक दाबल्यावर कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो का?

घाईगडबड: CSM बंद केलं, सिक्युअर बूट चालू करता येईना म्हणून. बी४५० बोर्ड, रायझन ५ ३६००. दिवा लागतो-विझतो. कार्डाचा इथे काय संबंध?

मंजिरी_डोंबिवली: माझंही अगदी असंच, घड्याळ रोज मागे जायचं. नवा CR2032 टाकला, झालं. मेडिकलमध्येही मिळतो.

चहाबाज: ताई, त्याला घड्याळ नाही, स्क्रीन हवी आहे.

सोल्डरगन: सगळा संबंध कार्डाचाच आहे. ३६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे चित्र येणार ते कार्डातूनच. कोणतं आहे?

घाईगडबड: जुनं एचडी ५४५०, भावाचं.

सोल्डरगन: सापडलं. ते २०१० सालचं कार्ड. त्यातला प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा, आणि ती पद्धत सांभाळून घेणारा भाग म्हणजेच CSM. तो बंद केल्यावर बोर्ड सुरू होतो, पण या कार्डाला चित्र काढायला सांगायचं कसं हे त्याला कळत नाही. नम लॉक चालतंय म्हणजे आत सगळं जिवंत आहे.

आता खरा प्रश्न. सेल काढला तेव्हा मागची पॉवर कॉर्ड काढली होतीस का?

घाईगडबड: पीसी बंद केला होता ना. कॉर्ड कशाला?

सोल्डरगन: इथेच घोळ झाला. पीसी बंद असला तरी कॉर्ड लावलेली असेल तर एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट स्टँडबाय देत राहतो. सेटिंग त्यावर टिकून राहतं, सेल असो-नसो. कॉर्ड काढ, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धर म्हणजे उरलासुरला चार्ज निघेल. मग सेलच्या आसपास दोन उघडे पिन शोध. शेजारी CLRTC, JBAT1 किंवा CLR_CMOS असं काहीतरी छापलेलं असेल. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना एकदम दहा सेकंद टेकव. कॉर्ड त्यानंतरच.

अण्णा६१: पिनच्या भानगडीत पडू नका. चुकून यूएसबीचे पिन जोडले गेले तर? सेल रात्रभर बाहेर ठेवा.

सोल्डरगन: कॉर्ड काढलेली असेल तर ते भय नाही, पण पिन मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवावेत, हे मान्य. सेलचं म्हणाल तर काही बोर्डांवर सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतं, तिथे सेल महिनाभर काढून ठेवला तरी फरक पडत नाही. पिन जोडले की बोर्डाला ‘मूळ सेटिंग घे’ असा निरोप जातो.

अण्णा६१: आमच्या काळच्या बोर्डांवर तीन पिन आणि टोपी असायची, १-२ वरून २-३ वर. परत जागेवर लावायला विसरलं की मशीन चालूच होत नसे.

घाईगडबड: पिन सापडले!! एकदा-दोनदा आपोआप रीस्टार्ट झालं, मी घाबरलो, मग स्क्रीन आली. तारीख मात्र २०१८ दाखवतोय. फाइली उडाल्या नाहीत ना?

सोल्डरगन: फाइली डिस्कवर असतात, त्यांना धक्का नाही. रीस्टार्ट होणंही नेहमीचंच, रॅम नव्याने जुळवून घेतो. तारीख नीट कर. डिस्कचा मोड आधी बदलला असशील, RAID वगैरे, तर तो परत लाव, नाहीतर विंडोज उठणार नाही. तुझं नशीब की या बोर्डावर CSM मुळात चालूच होतं. काही नव्या बोर्डांवर ते मुळातच बंद असतं, तिथे हे करूनही काळीच स्क्रीन मिळाली असती.

मंजिरी_डोंबिवली: मग माझ्या लॅपटॉपचाही सेल काढू का? त्याला चिकटपट्टीत गुंडाळलेली वायर आहे.

चहाबाज: का? घड्याळ तर नीट झालं ना?

घाईगडबड: विंडोज ११ चं काय मग?

सोल्डरगन: सिक्युअर बूट हवं तर CSM बंद ठेवावं लागेल, म्हणजे हे कार्ड बाद. शिवाय विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ चं कार्ड लागतं, हे ११ पर्यंतचंच. आधी कुणाकडून नवं कार्ड माग, ते लाव, मगच ते सेटिंग बंद कर.

अण्णा६१: विंडोज १० मध्ये काय वाईट होतं?