मदत हवी आहे: भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज, ३५ मिनिटांचं पाठ टाचण

इयत्ता पाचवी, मराठी माध्यम, वर्गात फक्त खडू-फळा. मुलांना समच्छेद बेरीज येते. टाचण असं केलंय: ५ मिनिटं उजळणी, १५ मिनिटं कागदाच्या घड्या घालून १/२ + १/३, १० मिनिटं वहीत उदाहरणं, शेवटी ५ मिनिटं मूल्यमापनाचा प्रश्न. फळ्यावर डावीकडे सहा भागांची पट्टी, उजवीकडे ३/६ + २/६ = ५/६; पट्टी तासभर पुसायची नाही.

शेवटी १/३ + १/४ विचारून पाहिलं. अंशात अंश, छेदात छेद मिळवणारी मुलं २/७ लिहितात, ती लगेच सापडतात. पण रीत पाठ करून ७/१२ लिहिणारी निसटतात. '२/५ हे तर १/२ पेक्षाही लहान, मग १/२ + १/३ चं उत्तर ते कसं असेल?' हे तोंडी विचारलं, तर तीच दोन-तीन मुलं बोलतात.

सगळ्यांनी दोन मिनिटांत वहीत लिहावा आणि समज खरंच दिसावी, असा कोणता प्रश्न तुम्ही देता?