मदत हवी आहे: ‘कधीही गोल करेल’ या एकतर्फी भावातलं मार्जिन कसं मोजायचं?

मेन लाइनवर दोन्ही बाजूंना 1.91 भाव असेल, तर 1/1.91 ची दुप्पट 104.7 टक्के होते आणि समान शक्यतेच्या पैजेत लावलेल्या रकमेचे सरासरी 4.5 टक्के जातात. प्रॉपवर 1.83-1.83 असेल तर 8.5 टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. कारण समजतं: एका सामन्यात शेकडो प्रॉप, प्रत्येकावर पैसा थोडा, त्यामुळे चुकलेला भाव जाणकारांच्या पैशाने सुधारत नाही. त्या चुकीपासून बचाव म्हणून बुकमेकर मार्जिन वाढवतो आणि वर पैजेची मर्यादाही कमी ठेवतो.

अडचण फुटबॉलमधल्या ‘कधीही गोल करेल’ची आहे. इथे ‘करणार नाही’चा भावच नसतो, मग बेरीज कशाची करायची?

सध्याची पद्धत अशी: भाव 2.50, म्हणजे शक्यता 40 टक्के, -ln(1-0.40) = 0.51 अपेक्षित गोल. संघातल्या सगळ्यांची अशी बेरीज समजा 2.1 आली आणि मेन लाइनवरून संघाचे अपेक्षित गोल 1.6 निघाले, तर 0.51 × 1.6/2.1 = 0.39. खरी शक्यता सुमारे 32 टक्के, आणि 2.50 भावाने दीर्घकालीन तोटा 19 टक्क्यांच्या आसपास!

माझे प्रश्न दोन आहेत. मार्जिन सगळ्यांवर समान प्रमाणात वाटणं मला पटत नाही. मोठ्या भावाच्या बचावपटूंवर ते जास्त असतं. तिथे घातांकाची पद्धत वापरावी का? आणि बदली खेळाडू व स्वयंगोल बेरजेत कसे धरता?