आवृत्तीचा आकडा तोच, पण भोक बुजवलेलं: हे बरोबर आहे का?

निशिगंधा: आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर डेबियन १२ आहे. ऑडिटवाल्यांनी लाल शेरा मारलाय: दुरून लॉगिनसाठी लागणाऱ्या ओपनएसएसएच 9.2p1 मध्ये CVE-2024-6387 हा दोष आहे, 9.8p1 टाका. मी अपडेट नियमित करते, तरी आकडा 9.2p1 वरच अडून बसलाय. माझं मत, दुरुस्ती केली तर आकडा बदललाच पाहिजे. नाहीतर ओळखायचं कसं?

दिगंबर: ऑडिटवाले बरोबर आहेत. दोष 8.5p1 पासून 9.7p1 पर्यंत सगळ्यांत आहे, हे तो शोधणाऱ्या क्वालिसनेच जाहीर केलंय. 9.2 त्यात येतं, विषय संपला. मी दोन सर्व्हरवर सोर्समधून 9.8p1 बांधून टाकलं, अर्धा तास लागला. जुनी आवृत्ती कुरवाळत बसण्यात काय अर्थ आहे?

वसुधा: दिगंबर, तुम्ही सांगितलेली मर्यादा बरोबर आहे, पण ती मूळ ओपनएसएसएचची. डेबियनच्या पॅकेजचा आकडा वेगळा असतो. निशिगंधा, आधी या दोन ओळी चालवून बघा:

```
dpkg-query -W openssh-server
apt changelog openssh-server | grep CVE-2024-6387
```

पहिलीचं उत्तर `1:9.2p1-2+deb12u3` किंवा त्यापुढचं आलं, तर दोष गेलेला आहे. `1:` नंतर आडव्या रेघेपर्यंतचा भाग ओपनएसएसएचचा, रेघेनंतरचा डेबियनचा. आकडा बदललेलाच आहे, फक्त तो शेपटाकडे बदलतो आणि ऑडिटचं यंत्र डोकं वाचून थांबतं.

डोकं का बदललं नाही, हे या दोषाच्या गोष्टीतच कळतं. कोणी जोडणी उघडून १२० सेकंदांत लॉगिन केलं नाही की sshd या ओपनएसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रॅमचा गजर वाजतो. तो हातातलं काम जिथल्या तिथे टाकून लॉगमध्ये ओळ लिहायला जातो. त्या क्षणी तो मेमरीची मांडणी करत असेल आणि लॉग लिहिणारा भागही त्याच मेमरीला हात घालत असेल, तर मांडणी मोडते. वेळ अचूक साधणाऱ्याला तिथून रूट मिळू शकतं. हाच दोष २००६ मध्ये सापडून बंद झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगच्या कोडची फेरमांडणी करताना त्याला अडवणारी एक ओळ चुकून निघाली, आणि दोष 8.5p1 मधून परत आला.

मूळ प्रकल्पाने 9.8p1 मध्ये हे काम दुसऱ्या प्रोसेसकडे नेलं. बदल मोठा आहे, जुन्या कोडवर जसाच्या तसा बसत नाही. क्वालिसने तेव्हाच लिहिलं होतं की तो मागे नेणं अवघड जाईल, म्हणून छोटा मार्गही दिला: गजर वाजल्यावर लॉग लिहूच नका, थेट बाहेर पडा. डेबियनने तोच घेतला. म्हणजे `sshsigdie()` मधला लॉग लिहिणारा तुकडा बंद, खाली `_exit(1)` तसंच. बाकी सगळं 9.2 च आहे. त्याला 9.8 म्हटलं तर ते खोटं ठरेल.

दिगंबर: पटतंय, पण मग थेट 9.8 घेतलं तर बिघडतं काय? दोषही गेला, आकडाही सरळ.

वसुधा: लॉग वाचून चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांचे पत्ते अडवणारं फेलटूबॅन तुमच्याकडे आहे का? असेल तर 9.8 टाकल्यापासून त्याने किती पत्ते अडवले ते बघून सांगा.

मकरंद: मधेच विचारतो. माझ्याकडे डेबियन ११ आहे. वसुधाताईंची दुसरी ओळ चालवली तर काहीच आलं नाही. एक अक्षरही नाही! म्हणजे माझं मशीन तीन वर्षं उघडं आहे का? घरचेच फोटो आहेत त्यावर, पण पोर्ट बाहेरून खुलं ठेवलंय.

वसुधा: मकरंद, घाबरू नका. डेबियन ११ मध्ये 8.4p1 आहे आणि दोष आला 8.5p1 मध्ये. जो दोष आलाच नाही त्याची दुरुस्ती नोंदीत कुठून दिसणार? म्हणून ती शोध-ओळ रिकामी आली की लगेच निष्कर्ष काढू नये. डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरवर त्या CVE चं पान उघडलं की प्रत्येक रिलीजपुढे दोष आहे, नाही की सुधारलाय, हे लिहिलेलं असतं. उबुंटू २०.०४ चंही असंच, तिथे 8.2p1 असल्यामुळे हा दोष पोचलाच नाही.

दिगंबर: बघितलं. एका सर्व्हरवर अपडेटच्या दिवसापासून एकही पत्ता अडवलेला नाही. आधी रोज पंधरा-वीस तरी असायचे. लॉगमध्ये चुकीच्या पासवर्डच्या ओळी मात्र येतायत.

वसुधा: हीच भीती होती. 9.8 पासून प्रत्येक जोडणी `sshd-session` नावाचा वेगळा प्रोग्रॅम सांभाळतो आणि लॉगमध्येही तेच नाव येतं. तुमचा फिल्टर अजून जर्नलमध्ये `sshd` शोधत असणार. आज रात्रीच दुरुस्त करा. एक भोक बुजवायला गेलात आणि दारावरचा राखणदार झोपी गेला, कुठे एररही दिसला नाही. शिवाय सोर्समधून बांधलेलं पॅकेज पुढच्या apt अपडेटमध्ये येत नाही. पुढचा दोष आला की तो तुम्हालाच आठवणीने हाताने बुजवावा लागेल.

फ्रान्सिस: मी दुसऱ्या बाजूने बोलतो, आणि वसुधांनी सांगितलेला कोड वाचूनच बोलतो. जुन्या आवृत्तीवर ठिगळं लावत राहिलं की कालांतराने ते मूळ लेखकांनी कधीच न पाहिलेलं सॉफ्टवेअर होतं. रेड हॅट ९ चं उदाहरण घ्या. तिथे 8.7p1 आहे. 6387 जाहीर झाल्यावर आठवड्याभरात CVE-2024-6409 आलं. तोच गजर, पण यावेळी कमी अधिकाराच्या प्रोसेसमध्ये. कारण काय, तर रेड हॅटने वर्षानुवर्षं वाहिलेला स्वतःचा ऑडिटचा पॅच. त्याने `cleanup_exit()` मध्ये असं काम भरलं होतं जे गजराच्या वेळी करायचं नसतं. मूळ 8.7p1 मध्ये त्या जागी ही अडचण नव्हती. आकडा मात्र दोन्हीकडे 8.7p1! आणि डेबियनच्या दुरुस्तीलाही किंमत आहे: वेळ संपल्याची जी ओळ आधी लॉगमध्ये यायची, ती आता येत नाही.

वसुधा: ओळ जाते, हे खरं आहे. तो तोटा मला मान्य आहे, रूट जाण्यापुढे छोटा वाटतो इतकंच. 6409 चा मुद्दा जड आहे. तिथे दोष दुरुस्ती मागे नेल्यामुळे आला नाही, जुन्या जादा पॅचमुळे आला. पण असे पॅच वाहून नेणारी माणसं आणि दुरुस्त्या मागे नेणारी माणसं एकच असतात, आणि मूळ प्रकल्पाइतके डोळे त्या कोडवर नसतात, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी दहा वर्षं चालवायच्या यंत्रावर मी दर सहा महिन्यांनी वागणूक बदलू देणार नाही.

फ्रान्सिस: मी देईन. चाचणीचं मशीन ठेवायची तयारी असेल तर.

निशिगंधा: माझ्याकडे चाचणीचं मशीन नाही, संस्थेत संगणक बघणारी मी एकटीच आहे. पहिल्या ओळीचं उत्तर `deb12u3` आलं, नोंदीतही CVE सापडला. दोन्ही अहवालाला जोडून पाठवलं. ऑडिटवाल्यांचं म्हणणं, त्यांचं यंत्र बाहेरून पोर्ट २२ वरची पहिली ओळ वाचतं, मशीनच्या आत बघायची त्यांना परवानगीच नाही.

वसुधा: पण डेबियन त्या ओळीतही शेपूट दाखवतं:

```
SSH-2.0-OpenSSH_9.2p1 Debian-2+deb12u3
```

त्यांच्या यंत्राने ही ओळ पूर्ण वाचली असती तरी भागलं असतं. रेड हॅट ९ वर मात्र नुसतं `OpenSSH_8.7` येतं. तिथे बाहेरून खरंच काही कळत नाही, आणि ऑडिटवाल्यांना दोष देता येणार नाही.

निशिगंधा: ही ओळ त्यांना पाठवते. पण मी माझं मत पूर्ण सोडलेलं नाही. आमच्या संचालकांना `+deb12u3` म्हणजे काय हे मला अजून समजावता येत नाही, आणि शेरा मिटवायची सही त्यांचीच लागते.