सल्ला हवा: मेकॅनिकलवाल्याचं ज्युनियर डेटा अ‍ॅनालिस्टसाठी कव्हर लेटर

उद्यमबाग_मेक
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल बी.ई. करून बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पुण्याच्या कंपनीत ज्युनियर डेटा अ‍ॅनालिस्टची जागा निघालीय. एक्सेल पक्कं आहे, एसक्यूएल कामापुरतं येतं. लेटर एका पानात बसवायचंय, मुदत उद्या रात्री. कोर्सला ना वेळ आहे ना पैसा, तेव्हा ते सुचवू नका. मुख्य वाक्य असं लिहिलंय: 'माझ्या विश्लेषणामुळे कास्टिंगचं रिजेक्शन ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.' चालेल का?

निपाणीचे_काका
आमच्या पोरानं पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स केला, आता बंगळूरला चांगला सेटल आहे. फी भरली ती वसूल झाली. आधी कोर्स कर, लेटर कोण वाचतंय?

खानापूरकर
भावा, फाउंड्रीचा उल्लेखच काढून टाक. वाळू, ओतकाम वाचलं की एचआर बाजूला ठेवतो. पायथन, पॉवर बीआय, टॅब्लो ही नावं भर. कीवर्ड असले तरच फिल्टरमधून पुढे जातं.

शहापूरची_स्नेहल
जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत हवेत हे खरं, पण येत नसलेली नावं घालू नकोस, पहिल्याच कॉलला उघडं पडतं. आणि फाउंड्री काढलीस तर सांगायला उरतं काय? मी अ‍ॅनालिस्ट टीममध्ये आहे, अशी पत्रं वाचते. ७ वरून ४ वाचलं की पहिला प्रश्न येतो, कशाचे टक्के?
समजा दोन पार्ट आहेत. सोप्यात २ टक्के रिजेक्शन, अवघड पंप केसिंगमध्ये १२. दोन्ही ५०० ओतले, तर १० आणि ६०, म्हणजे हजारात ७० बाद, ७ टक्के. पुढच्या महिन्यात सोपे ८०० आणि केसिंग २०० ओतले, तर १६ आणि २४, म्हणजे ४०. झाले ४ टक्के, आणि एकही पार्ट सुधारलेला नाही! तुझे आकडे पार्टवार काढून बघ.

उद्यमबाग_मेक
ताई, आत्ता पिव्होट लावून बघितलं. केसिंग खरंच १२ वरून ९ वर आलंय. बाकी घसरणीतला मोठा वाटा सोप्या पार्टची ऑर्डर वाढल्याचा आहे.

शहापूरची_स्नेहल
मग १२ वरून ९ हेच लिही. आकडा लहान असला तरी मुलाखतीत टिकेल. आता कसं केलंस ते सांग, पत्राचा जीव त्यात आहे.

उद्यमबाग_मेक
ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूमुळे राहिलेली भोकं, मशीनिंगला लागतात, तोवर ओतून आठ-दहा दिवस झालेले असतात. रजिस्टरला तारीख मशीन शॉपची पडते, त्यामुळे कुठल्या शिफ्टचा माल ते कळतच नव्हतं. मी कास्टिंगवरचा हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या घाणीचा नंबर, धरून रिजेक्शनची शीट ओतकामाच्या लॉगशीटला जोडली. काही ठिकाणी नंबर '0412' आणि काही ठिकाणी '412' लिहिलेला, ते आधी सारखं केलं. मग दिसलं की केसिंगचे ब्लोहोल बहुतेक दुसऱ्या शिफ्टचे, आणि त्या शिफ्टला वाळूचं मॉइश्चर तपासतच नव्हते. आता तपासतात.

शहापूरची_स्नेहल
अरे, हे वरच्या पोस्टमध्ये का नाही? दोन याद्या जोडणं, नंबर साफ करणं, शिफ्टवार तोडणं, आमचं रोजचं काम हेच आहे. हा मधला परिच्छेद कर. वाळूचं मॉइश्चर मात्र काढ, वाचणाऱ्याला कळणार नाही.

जुना_मोल्डर
बाळ, आधीचे आकडे कधीचे? जुलैतले असतील तर बेळगावच्या पावसात वाळू ओली राहतेच की. डिसेंबरात ब्लोहोल आपसूक कमी होतात. आमच्याकडं दरवर्षी हेच बघत आलोय.

उद्यमबाग_मेक
काका, आधीचे जुलै-ऑगस्टचे, नंतरचे नोव्हेंबर-डिसेंबरचे. गेल्या वर्षीची लॉगशीट कागदावर आहे, उद्यापर्यंत भरून होणार नाही.

शहापूरची_स्नेहल
मग 'माझ्यामुळे' हा शब्द काढ. 'तपासणी सुरू झाल्यानंतर' म्हण.

खानापूरकर
इतकं सोवळं पाळून नोकरी मिळते होय? सगळे फुगवूनच लिहितात. मी तरी ७ वरून ४ च ठेवलं असतं.

उद्यमबाग_मेक
पाठवलं. मधला परिच्छेद इंग्रजीत असा गेला:
'मशीन शॉपचं रिजेक्शन रजिस्टर आणि ओतकामाची लॉगशीट हीट नंबरने जोडल्यावर पंप केसिंगचे बहुतेक ब्लोहोल दुसऱ्या शिफ्टचे असल्याचं दिसलं. त्या शिफ्टला वाळूचं मॉइश्चर तपासलं जात नव्हतं. तपासणी सुरू झाल्यानंतर केसिंगचं रिजेक्शन १२ वरून ९ टक्क्यांवर आलं. यात पावसाळा संपल्याचा वाटा किती, हे गेल्या वर्षीच्या नोंदींशी ताडून बघायचं आहे.'
ताई, मॉइश्चर ठेवलंय. ते काढलं की शोध कशाचा लागला तेच कळत नाही.

शहापूरची_स्नेहल
माझं मत अजून तेच आहे. पावसाचं वाक्य मात्र मीही ठेवलं असतं.

निपाणीचे_काका
पोराला विचारलंय, पुढची बॅच १ तारखेला आहे. नंबर देऊ का?